तोट्यातील उत्पादन बंद करावे का? टाळता येणाऱ्या खर्चावरून सल्ल्याचे टिपण कसे तयार करावे

वर्षाअखेरीस एखाद्या उत्पादनगटाच्या खात्यात तोटा दिसला की संचालक परिव्यय लेखापालाला विचारतात, "हे बंद केले तर एवढे पैसे वाचतील ना?" या प्रश्नाचे उत्तर त्या तोट्याच्या आकड्यात नसते. तो आकडा तयार करताना कारखान्याचे भाडे, कार्यालयाचा खर्च आणि यंत्रांचा घसारा सर्व उत्पादनांवर वाटून टाकलेला असतो, आणि उत्पादन बंद झाल्यावर यांपैकी बराचसा खर्च तसाच चालू राहतो. म्हणून टिपणात एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते: उत्पादन बंद केल्यावर कंपनीकडे येणारे किती पैसे थांबतील आणि कंपनीकडून जाणारे किती पैसे थांबतील? जो खर्च बंद करण्याच्या निर्णयामुळे थांबतो तोच टाळता येणारा खर्च. बाकीचे आकडे कितीही अचूक असले तरी या निर्णयात त्यांना स्थान नाही.

पुढील विवेचनासाठी सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या अन्नप्रक्रिया उद्योगाचे नमुना उदाहरण घेऊ. आकडे सोपे ठेवले आहेत, पण प्रश्न अशा कारखान्यांत खरोखर येतात तेच आहेत. या उद्योगाची वार्षिक विक्री मसाले ३०० लाख, लोणची १२० लाख आणि कोकम सरबत ८० लाख, म्हणजे एकूण ५०० लाख रुपये आहे. लोणच्यांच्या खात्यात १३ लाख रुपयांचा तोटा दिसतो आणि संचालक मंडळासमोर लोणची विभाग बंद करण्याचा प्रस्ताव आहे.

पहिली पायरी: आहे तो हिशेब तसाच मांडा

टिपणातील हिशेबाची सुरुवात संचालकांना परिचित असलेल्या परिव्यय पत्रकापासून करावी. थेट नवा हिशेब समोर ठेवला तर वाचणारा दोन वेगळ्या आकड्यांमध्ये अडकतो आणि लेखापालाने काहीतरी लपवले असावे असा संशय निर्माण होतो. जुना आकडा आधी मान्य करून त्यातून नव्या आकड्याकडे एकेक ओळ करत गेले की वाचणाऱ्याला प्रत्येक वळण तपासता येते.

| बाब | रुपये लाखांत |
|---|---|
| विक्री | १२०.० |
| कच्चा माल (कारखान्यातलाच मसाला १२ धरून) | ६४.० |
| बाटल्या, लेबले, खोकी | १५.० |
| फोडी करणे व भरणे यांची नगावरची मजुरी | ९.० |
| वाहतूक व वितरकांचे कमिशन | १२.० |
| विक्रीतून बदलता खर्च वजा जाता अंशदान | २०.० |
| विभागातील कायम कर्मचाऱ्यांचे पगार | ६.० |
| लोणच्यांची जाहिरात | ४.० |
| पिंपांसाठी भाड्याचे गोदाम | ३.० |
| यंत्रांचा घसारा | ३.६ |
| कारखान्याच्या भाड्याचा वाटा | ६.० |
| कार्यालयीन खर्चाचा वाटा | ८.४ |
| वीजबिलातील मागणी आकाराचा वाटा | २.० |
| तोटा | १३.० |

हे पत्रक चुकीचे नाही. विक्रीची किंमत ठरवताना सर्व खर्च कुठेतरी वसूल व्हायलाच हवा, आणि वर्षाअखेरच्या साठ्याचे मूल्य काढताना उत्पादनाच्या स्थिर खर्चाचा योग्य वाटा त्यात धरावाच लागतो. पत्रक त्या कामांसाठी तयार झालेले आहे. बंद करण्याचा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता. टिपणात हे एका वाक्यात लिहावे, म्हणजे ज्या सहकाऱ्याने पत्रक बनवले त्याच्या कामावर विनाकारण शंका येत नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक ओळीला विचारा, "हा खर्च कोणत्या कागदाने थांबेल?"

टाळता येणारा आणि न टाळता येणारा असे दोन रकाने आखून अंदाजाने खुणा करणे ही या कामातील सर्वांत धोक्याची सवय आहे. बदलता खर्च म्हणजे टाळता येणारा आणि स्थिर खर्च म्हणजे न टाळता येणारा, हा ठोकताळा अनेकदा फसतो. त्याऐवजी प्रत्येक खर्चासमोर तो थांबवणाऱ्या कागदाचे नाव लिहावे: गोदाम सोडण्याची नोटीस, कर्मचाऱ्याचा बदलीचा आदेश, जाहिरातीच्या कराराची समाप्ती, वीज कंपनीकडे करायचा अर्ज. ज्या खर्चासमोर असा कागद, त्यावर सही करणारी व्यक्ती आणि खर्च थांबण्याची तारीख लिहिता येत नाही, तो खर्च टाळता येणारा मानू नये.

कायम कर्मचाऱ्यांच्या ६ लाखांना ही कसोटी लावू. त्यांत पर्यवेक्षकाचे ३ लाख आणि दोन मदतनिसांचे मिळून ३ लाख आहेत. पर्यवेक्षक नोकरी सोडणार नाही, त्याला मसाला विभागात पाठवले जाईल; म्हणून पहिल्या नजरेत त्याचा पगार वाचत नाही असे वाटते. परंतु मसाला विभागात पर्यवेक्षकाची एक जागा रिकामी आहे आणि तिची भरती मंजूर झाली आहे. लोणची बंद झाल्यास ती भरती होणार नाही, म्हणजे ३ लाख रुपये खरोखर वाचतात. दोन मदतनिसांना मात्र सामावून घेण्याचा शब्द व्यवस्थापनाने दिला आहे आणि त्यांच्यासाठी कुठेही रिकामी जागा नाही. त्यांचे ३ लाख चालूच राहतील, म्हणून ते न टाळता येणाऱ्या खर्चात जातात. पत्रकातली एकच ओळ अशी दोन भागांत फुटते, आणि दोन्ही भागांचे उत्तर मनुष्यबळ विभागाच्या फायलीत मिळते, खतावणीत मिळत नाही.

मदतनिसांना कमी करायचे ठरले असते, तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाई द्यावी लागली असती आणि ती बंद करण्याचा एकवेळचा खर्च म्हणून टिपणात आली असती. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. पात्र कर्मचाऱ्याने आजवरच्या सेवेतून मिळवलेली ग्रॅच्युइटी आज ना उद्या द्यायचीच असते, निर्णयामुळे फक्त देण्याची वेळ अलीकडे येते. ती बंद करण्याच्या खर्चात पूर्ण रकमेने धरलेली अनेक टिपणांत दिसते आणि त्यामुळे चित्र विनाकारण बिघडते.

घसाऱ्याचे ३.६ लाख पूर्ण वगळावेत, कारण यंत्रांचे पैसे पूर्वीच गेले आहेत. विचारात घ्यायची ती यंत्रांची विक्रीची किंमत. भरण यंत्र आणि फोडी करण्याचे यंत्र यांना आज मिळून ५ लाख येतील आणि ३ वर्षांनी २ लाख येतील असा व्यापाऱ्याचा अंदाज असेल, तर चालू ठेवण्याची किंमत वर्षाला साधारण १ लाख आहे. हा आकडा पुस्तकी किमतीवरून काढू नये, जुनी यंत्रे घेणाऱ्याकडून लेखी भाव घ्यावा.

कारखान्याचे भाडे आणि कार्यालयीन खर्च यांच्यासमोर कोणताही कागद लिहिता येत नाही. पूर्ण शेडचे भाडे २५ लाख आणि कार्यालयाचा खर्च ३५ लाख आहे, आणि विक्रीच्या प्रमाणात म्हणजे २४ टक्क्यांनी ते लोणच्यांवर टाकले आहेत. लोणची गेली तरी दोन्ही रकमा तेवढ्याच राहतात. मागणी आकाराचे २ लाखही आपोआप कमी होत नाहीत. त्यासाठी करार मागणी कमी करून घेण्याचा अर्ज करावा लागतो. लोणच्यांची यंत्रे मसाल्याच्या कांडप यंत्रांपेक्षा फार कमी वीज घेतात, त्यामुळे कारखान्याच्या विद्युत पर्यवेक्षकाच्या हिशेबाप्रमाणे प्रत्यक्ष बचत ०.६ लाखच होईल. जाहिरातीचे ४ लाख पूर्ण थांबतात. गोदामाचे ३ लाखही थांबतात, मात्र लिव्ह अँड लायसन्स करारातील लॉक-इनचे, म्हणजे जागा सोडता न येण्याच्या मुदतीचे, ८ महिने शिल्लक असल्याने पहिल्या वर्षी २ लाख द्यावेच लागतील.

तिसरी पायरी: पत्रकात नसलेले खर्च शोधा

खरे कौशल्य लागते ते इथे, कारण जे लिहिलेले नाही ते तपासायचे असते. या उदाहरणात अशा दोन बाबी निर्णयाचा आकडा हलवतात.

पहिली बाब आतल्या आत होणाऱ्या व्यवहाराची आहे. लोणच्यांच्या कच्च्या मालात धरलेला १२ लाखांचा मसाला कारखान्याच्याच मसाला विभागातून बाजारभावाने येतो. तो मसाला तयार करायला मसाला विभागाला प्रत्यक्षात ८ लाखच बदलता खर्च येतो. उरलेले ४ लाख एका विभागाच्या खिशातून दुसऱ्या विभागाच्या खिशात जातात. लोणची बंद झाल्यास कंपनीचे १२ नव्हे तर ८ लाखच वाचतील. इथे एक अट तपासावी: मसाला विभाग पूर्ण क्षमतेने चालत असेल आणि तेवढाच मसाला बाहेर त्याच भावाने सहज विकता येत असेल, तर १२ लाख हाच बरोबर आकडा ठरतो. आपल्या उदाहरणात मसाला विभागाची क्षमता शिल्लक आहे, म्हणून ८ लाख धरले.

दुसरी बाब व्याजाची आहे. लोणच्यांसाठी कैरी एप्रिल ते जूनमध्ये घेऊन, फोडी मिठात खारवून पिंपांत ठेवतात आणि वर्षभर लागेल तशी वापरतात. त्यामुळे या विभागात सरासरी २४ लाख रुपये माल आणि उधारीत अडकलेले असतात. बँकेचे व्याज मात्र कंपनीच्या नफातोटा खात्यात एकाच ओळीत दाखवले जाते आणि लोणच्यांच्या पत्रकात येतच नाही. कॅश क्रेडिटवर १० टक्के व्याज असेल तर विभाग बंद झाल्याने २.४ लाख वाचतात. ही बाब बंद करण्याच्या बाजूची आहे. लेखापालाला चालू ठेवण्याचा सल्ला द्यायचा असला तरी ती प्रामाणिकपणे मांडायलाच हवी, कारण विरोधी बाजूचा आकडा लेखापालाने स्वतः शोधून दिला तरच बाकीच्या टिपणावर विश्वास बसतो.

चौथी पायरी: फरकाचा हिशेब

आता फक्त बदलणाऱ्या रकमा एकत्र घ्याव्यात. १०० लाखांच्या बदलत्या खर्चातून आतल्या नफ्याचे ४ लाख काढले की ९६ लाख राहतात. त्यांत जाहिरातीचे ४, पर्यवेक्षकाच्या जागेचे ३, गोदामाचे ३, विजेचे ०.६ आणि व्याजाचे २.४ मिळवले की बंद केल्याने वर्षाला १०९ लाख खर्च थांबतो. त्याच वेळी १२० लाखांची विक्री थांबते. म्हणजे १३ लाखांचा तोटा दाखवणारा विभाग बंद केल्यास कंपनीचा नफा ११ लाखांनी कमी होतो.

इथे थांबू नये, कारण मोकळ्या होणाऱ्या जागेला किंमत असते. मसाला विभाग तयार माल ठेवण्यासाठी बाहेर दरमहा ३०,००० रुपये भाड्याचे गोदाम वापरतो. लोणच्यांची जागा मिळाली तर तो माल आत येईल आणि वर्षाला ३.६ लाख वाचतील. ही जागा तिसऱ्या उद्योगाला भाड्याने देण्याची कल्पना बैठकीत नक्की येते. औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडावर पोटभाडेकरू ठेवण्यासाठी महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते, म्हणून त्या परवानगीचे काम झाल्याशिवाय भाड्याचा आकडा टिपणात धरू नये. गोदामाची बचत धरल्यावर बंद करण्याचे नुकसान ७.४ लाखांवर येते, आणि यंत्रांच्या उतरत्या किमतीचा १ लाख धरल्यास ६.४ लाखांवर येते.

याशिवाय वितरकांचा प्रश्न राहतो. लोणची आणि मसाले एकाच वितरकाकडून, एकाच गाडीतून जातात. विक्री व्यवस्थापकाच्या मते लोणची बंद झाल्यास काही वितरक दुसऱ्या कंपनीकडे वळतील आणि मसाल्यांची विक्री ३ टक्क्यांनी घटेल. मसाल्यांचे वार्षिक अंशदान ९० लाख असल्याने हे नुकसान २.७ लाख होते. हा आकडा मी मुख्य हिशेबात मिसळत नाही, आणि इतरांनीही मिसळू नये. तो अंदाज आहे, आणि तो सांगणाऱ्या व्यवस्थापकाला लोणची चालू राहण्यात स्वतःचा रस असतो. त्याला वेगळ्या ओळीत ठेवले की संचालकांना दिसते की निर्णय त्याच्याशिवायही उभा राहतो.

पाचवी पायरी: उरलेला बोजा कुठे जातो ते दाखवा

भाडे व कार्यालय यांचे १४.४ लाख लोणच्यांबरोबर जात नाहीत. विक्रीच्या प्रमाणात ते मसाले आणि सरबतावर पडतील आणि ८० लाख विक्री असलेल्या सरबताच्या वाट्याला त्यांतले जवळपास ३ लाख येतील. सरबताच्या खात्यात आज २.५ लाख नफा दिसत असेल, तर पुढच्या वर्षी तिथे अर्धा लाख तोटा दिसेल आणि सरबत बंद करण्याचा प्रस्ताव येईल. सरबतात प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नसेल. एका चांगल्या चालणाऱ्या कारखान्याची उत्पादने अशा वाटपामुळे एकामागून एक बंद होऊ शकतात, आणि हे टाळणे हा या टिपणाचा सर्वांत मोठा उपयोग आहे असे मला मनापासून वाटते. म्हणून ही पायरी परिशिष्टात न टाकता मुख्य मजकुरात घ्यावी.

सहावी पायरी: गटाच्या आत उतरा

संपूर्ण विभाग चालू ठेवणे योग्य असले, तरी त्यातील प्रत्येक माल चालू ठेवणे योग्य असेलच असे नाही. पाच किलोची कैरीची बरणी, एक किलोची बरणी, मिश्र लोणचे आणि २०० ग्रॅमची काचेच्या बाटलीतील लिंबाची लोणची यांचा बदलता खर्च स्वतंत्रपणे काढल्यावर असे दिसले की लिंबाच्या छोट्या बाटलीची विक्री १८ लाख आहे आणि वरच्याच पद्धतीने दुरुस्त केलेला तिचा बदलता खर्च १९.२ लाख आहे. काचेची बाटली, तिचे जादा पॅकिंग आणि वाटेतील फूट यांचा भार २०० ग्रॅमच्या किमतीला पेलवत नाही. इथे कोणतेही वाटप गुंतलेले नाही. प्रत्येक बाटलीमागे कंपनीच्या हातून रोख पैसे जातात. हा माल बंद केल्याने १.२ लाख वाचतात आणि विभागाचे दुरुस्त अंशदान २४ वरून २५.२ लाख होते. संपूर्ण गटाच्या सरासरीत लपलेला असा एखादा माल जवळजवळ प्रत्येक तोट्याच्या खात्यात सापडतो, म्हणून ही पायरी कधीही गाळू नये.

सातवी पायरी: निर्णय केव्हा उलटेल ते लिहा

"चालू ठेवा" एवढेच लिहिलेले टिपण वर्षभरात शिळे होते. विभागाचा टाळता येणारा स्थिर खर्च व्याजासह १३ लाख आणि जागेचा पर्यायी उपयोग ३.६ लाख, म्हणजे एकूण १६.६ लाख रुपये या विभागाने कमवायलाच हवेत. लिंबाची छोटी बाटली बंद केल्यावर उरलेल्या १०२ लाख विक्रीवर २५.२ लाख, म्हणजे सुमारे २४.७ टक्के अंशदान राहते. यावरून विक्री ६७ लाखांच्या खाली गेली तर बंद करणे फायद्याचे ठरते. मालाच्या बाजूने पाहिले तर तेलाचा वार्षिक खर्च २० लाख असताना आणि विक्रीची किंमत तशीच राहिल्यास, तेल ४३ टक्क्यांच्या आसपास महागले की शिल्लक ८.६ लाखांचा फरक संपतो.

या हिशेबाची एक मर्यादा स्पष्ट लिहावी लागते. तो आजची यंत्रे जोपर्यंत चालतात तोपर्यंतच खरा आहे. भरण यंत्र बदलण्याची वेळ आली की त्याची किंमत अजून खर्च झालेली नसते, म्हणून ती टाळता येणारी होते आणि निर्णय पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. तसेच लॉक-इन संपले, पर्यवेक्षकाची रिकामी जागा दुसऱ्याने भरली किंवा मसाला विभाग पूर्ण क्षमतेला पोहोचला, तर त्या ओळीचे उत्तर बदलते.

तारखेचाही विचार हवा. हा प्रश्न कैरीची खरेदी सुरू होण्याआधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये निकाली काढावा. जुलैमध्ये पिंपे भरलेली असताना तोच प्रश्न विचारला तर खारवलेल्या कैरीचे पैसे गेलेले असतात, ती दुसऱ्या कामाला येत नाही, आणि तिच्यापुरते लोणचे भरून विकणे जवळपास नेहमीच फायद्याचे ठरते. त्या वेळी काढलेले उत्तर पुढच्या हंगामासाठी वापरता येत नाही.

टिपणाचा शिफारशीचा भाग

हिशेब पुढच्या पानांवर ठेवून शिफारस पहिल्याच पानावर, पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

"प्रति: संचालक मंडळ. विषय: लोणची विभाग चालू ठेवण्याबाबत.

लोणची विभागाच्या खात्यातील १३ लाख रुपयांच्या तोट्यात भाडे व कार्यालयीन खर्चाचे १४.४ लाख आणि घसाऱ्याचे ३.६ लाख समाविष्ट आहेत, आणि विभाग बंद केल्याने ते थांबणार नाहीत. विभाग बंद केल्यास, मोकळ्या जागेचा मसाला विभागाला होणारा उपयोग आणि यंत्रांची घटती किंमत धरूनही, कंपनीचा वार्षिक नफा सुमारे ६.४ लाख रुपयांनी कमी होईल. वितरक गमावल्याने मसाल्यांच्या विक्रीवर होणारा संभाव्य परिणाम यात धरलेला नाही. म्हणून विभाग बंद करू नये, अशी शिफारस आहे.

२०० ग्रॅमच्या काचेच्या बाटलीतील लिंबाचे लोणचे शिल्लक लेबले व बाटल्या संपताच बंद करावे. नवीन बाटल्यांची मागणी खरेदी विभागाने आजपासून थांबवावी.

लोणच्यांची वार्षिक विक्री ६७ लाखांच्या दिशेने घसरू लागल्यास, तेलाच्या दरात मोठी वाढ झाल्यास किंवा भरण यंत्र बदलण्याचा प्रस्ताव आल्यास हा निर्णय पुन्हा तपासावा. अन्यथा पुढील आढावा पुढच्या फेब्रुवारीत, कैरीच्या खरेदीचे करार करण्यापूर्वी घ्यावा.

सोबत: टाळता येणाऱ्या प्रत्येक खर्चासमोर तो थांबवणारा कागद, जबाबदार अधिकारी व तारीख दाखवणारा तक्ता, जुन्या यंत्रांचे लेखी भाव, गोदामाच्या कराराची प्रत, मालनिहाय अंशदानाचे पत्रक."

टिपण मंडळाकडे पाठवण्याआधी उत्पादन, विक्री आणि मनुष्यबळ या तिन्ही विभागांच्या प्रमुखांकडून त्यांच्या ओळींवर सह्या घ्याव्यात. बैठकीत "पर्यवेक्षकाची जागा रिकामी नाहीच" असे कुणी म्हणाले, तर वाद लेखापालाच्या हिशेबावर न जाता त्या एका ओळीपुरता राहतो, आणि ती ओळ बदलून नवा आकडा तिथल्या तिथे काढता येतो.